आयुर्विमा आणि दोघांनी मांडलेला हिशेब

मुंबईतल्या एका जाहिरात संस्थेत मी ब्रँड नियोजनाचे काम करते. काही वर्षांपूर्वी एका आयुर्विमा कंपनीने टर्म विम्याची, म्हणजे ठरावीक मुदतीत माणूस गेला तर घरच्यांना रक्कम देणाऱ्या विम्याची, मोहीम आमच्याकडे सोपवली, तेव्हा तिच्या जुन्या जाहिराती आम्ही एका बैठकीत सलग पाहिल्या. भिंतीवरच्या फोटोला हार, शाळेच्या फीची नोटीस हातात घेऊन बसलेली आई, दारात उभा असलेला वसुलीचा माणूस आणि शेवटी ‘तुमच्यानंतर त्यांचे काय?’ हा प्रश्न, असा त्या सगळ्यांचा साचा होता. कंपनीचे नाव झाकले असते तर त्या कोणत्याही विमा कंपनीच्या म्हणून खपल्या असत्या. मरणाची भीती कोणा एका कंपनीची नसते. ती घालून फार तर विमा घेण्याची गरज पटवून देता येते, पण तो याच कंपनीकडून का घ्यावा, हे त्या भीतीतून कधीच कळत नाही.

या जाहिराती अपयशी होत्या असे मात्र म्हणता येत नव्हते. त्या लागल्या की संकेतस्थळावर चौकशा वाढत, लोक फोन नंबर देत, हप्त्याचा आकडाही काढून पाहत. गळती पुढे होत होती. टर्म विमा हा काही दुकानात शिरून उचलण्याचा माल नाही. प्रपोजल फॉर्ममध्ये उत्पन्न, आजार, व्यसने आणि आधीच्या पॉलिसी भराव्या लागतात, केवायसी आणि पगाराचे पुरावे द्यावे लागतात, मग रक्त, लघवी आणि गरजेप्रमाणे ईसीजीची मेडिकल होते, त्यानंतर कंपनी जोखीम तपासते आणि पॉलिसी हाती पडते. यात अनेकदा दोन-तीन आठवडे जातात. रात्री दहा वाजता जाहिरात पाहून दचकलेला माणूस सकाळी लोकल पकडेपर्यंत सावरलेला असतो, आणि मेडिकलसाठी उपाशीपोटी थांबायला सांगणारा फोन येतो तेव्हा तो ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणतो. शिवाय पॉलिसी अनेकदा तीस वर्षांची असते आणि ती मुदत सुखरूप पार पडली तर साध्या टर्म विम्यात हातात काहीच येत नाही, त्यामुळे दरवर्षी हप्ता भरण्यासाठी माणसाकडे दरवर्षी नव्याने कारण असावे लागते. काही मिनिटे टिकणाऱ्या भावनेच्या बळावर तीस वर्षांचा व्यवहार उभा करण्याचा तो प्रयत्न होता, आणि कंपनीचे आकडे नेमके तेच दाखवत होते. चौकशा भरपूर, मेडिकलला पोहोचणारे थोडे, आणि दुसऱ्या वर्षीचा हप्ता न भरल्याने लॅप्स होणाऱ्या पॉलिसी काळजी वाटावी इतक्या.

भीतीच्या संदेशांचा अभ्यास मानसशास्त्रात जुना आहे. जॅनिस आणि फेशबॅक यांनी 1953 मध्ये शाळकरी मुलांना दातांच्या निगेबद्दल कमी, मध्यम आणि तीव्र भीती घालणारी व्याख्याने ऐकवली, तेव्हा तीव्र भीतीने मुले सर्वांत जास्त घाबरली, पण सांगितलेली निगा सर्वांत जास्त पाळली ती कमी भीतीच्या गटाने. पुढे किम विट यांनी 1992 मध्ये याची अधिक नेमकी मांडणी केली. संकट मोठे दिसले आणि उपाय आपल्या आवाक्यातला वाटला, तर माणूस संकटाचा बंदोबस्त करतो. उपाय आवाक्याबाहेरचा वाटला, तर तो संकटाचा नाद सोडून स्वतःच्या भीतीचा बंदोबस्त करतो, म्हणजे विषय टाळतो, हसण्यावारी नेतो किंवा सांगणाऱ्यावरच संशय घेतो. आमच्या जुन्या जाहिरातींत संकटाला पंचवीस सेकंद मिळत होती आणि उपायाला पाच, त्यातही निम्मा पडदा नोंदणी क्रमांक आणि सूचनांच्या बारीक अक्षरांनी व्यापलेला असे.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते पाहण्यासाठी आमची संशोधक आणि मी गिरगाव, लालबाग, मुलुंड आणि डोंबिवलीतल्या घरांत जाऊन बसलो. गिरगावातल्या एका घरात आम्ही जुनी जाहिरात मोबाइलवर लावली, तेव्हा आतल्या खोलीतून सासूबाई बाहेर आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “अहो, घरात असलं काही बोलू नये. वास्तू तथास्तु म्हणत असते.” त्यांच्या मुलाने जाहिरात बंद केली. या एका वाक्यात आमच्या अडचणीचा मोठा भाग होता. आपल्याकडे संध्याकाळी दिवा लावल्यावर अभद्र बोलत नाहीत, कोणी बोललेच तर ‘शुभ बोल रे नाऱ्या’ म्हणून त्याला गप्प करतात, आणि टीव्ही नेमका त्याच वेळी घरातल्या सगळ्यांसमोर चालू असतो. घरातल्या कर्त्या पुरुषाच्या मरणाचे चित्र त्याच्या आईसमोर आणि मुलांसमोर दाखवून त्याच्याकडून आर्थिक निर्णयाची अपेक्षा ठेवणे म्हणजे ज्यांची संमती हवी त्यांनाच दुखावणे होते.

मुलाखतींसाठी आम्ही लॅडरिंगची, म्हणजे शिडीसारखी एकेक पायरी वर चढत जाण्याची, पद्धत वापरली. 1980च्या दशकात जोनाथन गुटमन आणि थॉमस रेनॉल्ड्स यांनी ती बाजार संशोधनात रुळवली. वस्तूच्या एका गुणापासून सुरुवात करायची, प्रत्येक उत्तरावर ‘हे तुमच्यासाठी महत्त्वाचे का?’ एवढेच विचारत जायचे, आणि माणूस वस्तूवरून स्वतःच्या जगण्यापर्यंत येतो तिथे थांबायचे. मरणाचा विषय आम्ही मुद्दाम काढत नव्हतो. डोंबिवलीत नवा फ्लॅट घेतलेल्या एका गृहस्थांशी बोलणे सुरू झाले ते त्यांच्या गृहकर्जावरून. विम्याची रक्कम मोठी का हवी, तर कर्ज फिटावे म्हणून. कर्ज फिटणे महत्त्वाचे का, तर बायकोला घर विकून भाड्याने जावे लागू नये म्हणून. ते महत्त्वाचे का, तर मुलीची शाळा याच भागात आहे. इथे ते थोडे थांबले आणि म्हणाले, “आम्ही दोघांनी मिळून हे सगळं ठरवलंय हो. कुठे राहायचं, तिला कुठल्या शाळेत घालायचं, कोणी किती भरायचं. ते मोडायला नको.” या सबंध बोलण्यात त्यांनी मरणाचा उल्लेख एकदाही केला नाही, आणि तरीही टर्म विम्याचा उपयोग त्यांनी आमच्या कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा चांगला सांगितला होता.

त्यांच्या पत्नीशी आम्ही वेगळे बोललो, कारण एकत्र बसले की बहुतेक घरांत विम्याची उत्तरे नवरे देतात. कागदपत्रे दाखवाल का, असे विचारल्यावर त्यांनी कपाटातली प्लास्टिकची पिशवी काढली. तीत रेशनकार्ड, दागिन्यांच्या पावत्या, मुलीचा जन्मदाखला, कर्जाचे मंजुरीपत्र आणि एलआयसीचे दोन बॉण्ड होते. बॉण्ड कितीचे आहेत, नॉमिनी कोण आहे आणि हप्ता कोणत्या खात्यातून जातो, हे त्यांना माहीत नव्हते, आणि त्या स्वतः एका खासगी दवाखान्यात हिशेब सांभाळत होत्या. त्यांनी आपल्या आईची हकिकत सांगितली. वडील गेल्यावर कागद तीन ठिकाणी सापडले, काय करायचे ते आईला कळेना, आणि हळूहळू सगळा व्यवहार काकांच्या हातात गेला. काकांनी फसवले नाही, पण त्यानंतर घरातल्या कोणत्याच गोष्टीत आईला कोणी विचारले नाही. “पैसे मिळाले होते,” त्या म्हणाल्या, “तिचा शब्द गेला.” दुसऱ्याही घरांत स्त्रियांची उत्तरे याच दिशेने जात होती. आपण निराधार होऊ असे त्यांना वाटत नव्हते. घराच्या व्यवहारात आपल्याला विचारले जात नाही, हे त्यांना आजच, सगळे सुरळीत असतानाच, खुपत होते.

ब्रँडला अर्थ द्यायचा म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न इथे आला. शिडीच्या वरच्या पायरीवर पहिल्यांदा जे दिसले ते स्वाभिमान होते, म्हणजे कुणापुढे हात पसरावा लागू नये. पण ती जागा मोकळी नव्हती. एचडीएफसी लाइफ ‘सर उठा के जियो’ हे वर्षानुवर्षे सांगत आले आहे, आणि आम्ही तेच वेगळ्या शब्दांत सांगितले असते तर आमच्या खर्चाने त्यांची आठवण पक्की झाली असती. विश्वास आणि सांभाळ म्हटले की एलआयसीचे दिव्याभोवतीचे दोन हात आणि ‘योगक्षेमं वहाम्यहम्’ डोळ्यांसमोर येते. त्यामुळे भावना खरी असणे पुरेसे नव्हते, ती दुसऱ्या कोणी आधी घेतलेली नसावी आणि आमच्या कंपनीला आपल्या वागण्यातून ती सिद्ध करता यावी, याही अटी होत्या. आम्ही निवडलेली जागा लहान पण मोकळी होती. विमा ही नवऱ्याने परस्पर उरकून कपाटात ठेवण्याची गोष्ट राहू नये, ती दोघांनी बसून ठरवलेल्या घराचा भाग व्हावी, आणि त्या बसण्याची सोय करून देणारी कंपनी ही आमची, असे आम्ही मांडले.

कंपनीच्या बैठकीत यावर स्वाभाविक आक्षेप आला की भीती काढून टाकली तर विम्यात उरते काय. मला तिथे मुंबईचाच दाखला द्यावासा वाटला. 1870 मध्ये या शहरात बॉम्बे म्युच्युअल लाइफ अशुरन्स सोसायटी सुरू झाली, तेव्हा परदेशी कंपन्या भारतीयांचा विमा उतरवायला नाखूश असत किंवा जादा हप्ता घेत. बॉम्बे म्युच्युअलने भारतीयांना सर्वसाधारण दराने विमा दिला. मरण तेव्हाही तेच होते, पण त्या पॉलिसीला ‘आमच्या आयुष्याचीही तीच किंमत’ असा अर्थ होता आणि त्यात कोणाला घाबरवलेले नव्हते.

आमच्या मांडणीची खरी कसोटी रकमेवर लागली. जुन्या जाहिरातींत ‘एक कोटीचे कव्हर’ हा आकडा वरून टाकलेला असे, आणि लोकांना तो एकतर लालूच वाटे किंवा थट्टा. आम्ही डोंबिवलीच्या त्याच कुटुंबाबरोबर दोघांना समोर बसवून साधा हिशेब मांडला. गृहकर्ज 40 लाखांचे, मुदत 20 वर्षे, व्याज साडेआठ टक्के, म्हणजे ईएमआय सुमारे 34,700 रुपये. ईएमआय सोडून घरखर्च महिन्याला 40,000, पत्नीचा पगार 22,000. नवऱ्याची मिळकत थांबली आणि कर्ज एकरकमी फिटले, तर पत्नीच्या पगारानंतर महिन्याला 18,000 कमी पडतात. मुलगी सहा वर्षांची होती. ती चोविशीची होईपर्यंतची 18 वर्षे धरली तर ही तूट 38 लाख 88 हजारांची होते. तिच्या उच्च शिक्षणाला दोघांनी 20 लाख धरले. कर्ज, तूट आणि शिक्षण मिळून बेरीज जवळपास 99 लाख झाली. एक कोटीचा आकडा आता त्यांच्याच वहीतून निघाला होता. यात एक गृहीतक होते, की मिळालेली रक्कम गुंतवून येणारे उत्पन्न महागाईची भरपाई करील. महागाई त्याहून जास्त राहिली तर रक्कम अपुरी पडेल, हे आम्ही स्पष्ट सांगत होतो आणि दर पाच वर्षांनी हिशेब पुन्हा मांडायला सुचवत होतो.

मग पत्नीने विचारले, “आणि माझं काय? माझा पगार थांबला तर?” नवऱ्याचा पगार 75,000 होता आणि ईएमआयसह खर्च 74,700, म्हणजे महिनाअखेर हातात काहीच उरत नव्हते, आणि मुलीला सांभाळायला माणूस लागला असता तो वेगळाच. तिच्या नावाने कर्जाचा निम्मा भाग, 20 लाख, आणि पाळणाघर व घरकामासाठी महिन्याला 10,000 प्रमाणे 12 वर्षांचे 14 लाख 40 हजार धरले, तर सुमारे 35 लाखांचे कव्हर लागत होते. कर्ज दोघांच्या नावे असले की एक गेल्यावर उरलेल्यावर सगळ्या कर्जाची जबाबदारी राहते, हेही त्या दोघांना तेव्हाच उमगले. घाबरवणाऱ्या जाहिरातीत बायको नेहमी हार घातलेल्या फोटोसमोर उभी असते, त्यामुळे तिच्या स्वतःच्या विम्याचा प्रश्न त्या चित्रात उद्भवूच शकत नाही. या एका गोष्टीमुळे मला आमची दिशा योग्य असल्याची खात्री पटली.

चित्रफीत त्यानंतर सहज सुचली. ताबा मिळालेला रिकामा फ्लॅट, फरशीवर बसलेले दोघे, पलंग कुठे आणि अभ्यासाचे टेबल कुठे याचे माप टेपने चाललेले, आणि त्याच वहीच्या पुढच्या पानावर कोणाचे कव्हर किती याचा हिशेब. मरणाबद्दल त्यात एकच अर्धे वाक्य होते, “आणि आपल्यापैकी एकच असेल तर”, आणि ते बायको बोलते. ती चाचणीसाठी घरांत दाखवली तेव्हा कोणी ती बंद केली नाही, पण माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे हे होते की पाहून झाल्यावर जोडपी आमच्याशी न बोलता एकमेकांशी बोलू लागली. “आपलं बँकेने कर्जाबरोबर दिलेलं आहे ना?” असा प्रश्न हमखास निघे. कर्जाशी जोडलेले ते कव्हर बहुतेक वेळा कर्जाच्या थकबाकीबरोबर कमी होत जाते आणि त्यात घरखर्चाची सोय नसते, हे तिथल्या तिथे समजावता येत होते. नाव झाकून दाखवण्याची कसोटीही आम्ही लावली, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर नुसती चित्रफीत तीत उतरली नाही. ती आवडली, पण ती दुसऱ्या कंपनीचीही असू शकेल असे लोक म्हणाले.

ते बरोबरच होते, कारण जाहिरातीने सांगितलेला अर्थ कंपनीच्या कागदांत कुठेच दिसत नव्हता. म्हणून उरलेला जोर आम्ही जाहिरातीबाहेरच्या गोष्टींवर दिला. संकेतस्थळावरचा हिशेब दोन पगार धरून मांडला जाऊ लागला. फॉर्ममध्ये नॉमिनीचे नाव भरताना त्या व्यक्तीचा मोबाइल नंबर मागून तिला मराठीत एक पानी पत्र जाऊ लागले, ज्यात पॉलिसी क्रमांक, रक्कम, हप्ता जाणारे खाते आणि क्लेमसाठी लागणारे कागद एवढेच असे. स्वतःचा व्यवसाय असलेल्या नवऱ्यांना 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली पॉलिसी घेण्याचा पर्याय ठळकपणे दाखवला. तशी पॉलिसी पत्नी आणि मुलांसाठी विश्वस्त निधी ठरते आणि धंद्यातल्या देण्याची वसुली करणारे सहसा तिच्यावर हात टाकू शकत नाहीत, पण तो पर्याय पॉलिसी घेतानाच निवडावा लागतो. पॉलिसी परत करण्याची ‘फ्री लूक’ची मुदत आता 30 दिवसांची आहे. त्या दिवसांत कंपनीने दोघांना एकत्र फोन करून पॉलिसी वाचून दाखवावी, असेही आम्ही सुचवले. कॉल सेंटरचा खर्च पाहून हे सरसकट मान्य झाले नाही, फक्त मोठ्या रकमांसाठी झाले.

तंबाखूच्या प्रश्नावर एक फरक दिसला जो आम्ही योजलेला नव्हता. एकटा माणूस फॉर्म भरताना ‘तंबाखू घेता का?’ याला बिनदिक्कत ‘नाही’ लिहितो, कारण हप्ता वाढतो. बायको शेजारी बसलेली असली की ती म्हणते, “खरं लिहा, पैसे मला आणायचेत.” विमा कायद्याच्या कलम 45 प्रमाणे पॉलिसीच्या पहिल्या तीन वर्षांत कंपनी दडवलेल्या माहितीवरून क्लेम नाकारू शकते, आणि हे वाक्य बायकोने म्हणणे हे आमच्या कोणत्याही सूचनेपेक्षा परिणामकारक होते.

मोहीम सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत चौकशा कमी झाल्या आणि विक्री विभागाने जुनी जाहिरात परत लावण्याची मागणी केली. चौकशांचा आकडा बाजूला ठेवून मेडिकल पूर्ण करणाऱ्यांचा आकडा पाहू द्या, एवढेच आम्ही मागून घेतले, आणि तो जुन्या मोहिमेपेक्षा चांगला निघाला. तेराव्या महिन्याचा हप्ता किती जण भरतात हे कळायला वर्षाहून जास्त वाट पाहावी लागली, आणि दोघांनी हिशेब मांडून घेतलेल्या पॉलिसी त्या टप्प्यावर अधिक टिकल्या. मात्र त्यातला किती भाग मोहिमेचा आणि किती अशा घरांच्या मुळातल्या शिस्तीचा, हे वेगळे काढता येत नाही. दोन गोष्टी अजून सुटलेल्या नाहीत. ज्यांना पहिल्या वर्षाच्या कमिशनवर घर चालवायचे असते ते एजंट दिवाणखान्यात बसून जुनाच प्रश्न विचारतात, कारण त्याने सही लवकर मिळते. आणि कमी पगाराच्या किंवा मिळकत नसलेल्या स्त्रीला बऱ्याच कंपन्या पुरेसे कव्हर देत नाहीत, ते तिच्या किंवा नवऱ्याच्या उत्पन्नाच्या प्रमाणात बांधलेले असते. डोंबिवलीच्या त्या बाईंना 35 लाखांपैकी 25 लाखच मिळाले. उरलेल्या दहा लाखांसाठी त्यांनी आवर्ती ठेव सुरू केली आहे, आणि जोखीम तपासणाऱ्या विभागाशी आमचे बोलणे सध्या याच मुद्द्यावर चालू आहे.